सातशे सत्त्याण्णव सोल

माझ्या बापाने आयुष्यात कधी खरी किंमत सांगितली नाही आणि दुसऱ्याने सांगितलेली कधी खरी मानली नाही. सिकुआनीच्या बाजारात त्यांचं ब्लँकेटांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी फळी आणि वरपर्यंत रचलेल्या घड्या. कुणी भाव विचारला की बाबा आधी गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात, आणि मग असा आकडा सांगतात की नवखा माणूस तिथूनच माघारी फिरेल. जुनं गिऱ्हाईक फिरत नाही. ते हसतं, निम्मा आकडा सांगतं आणि फळीला टेकून उभं राहतं. मग दोघं एकमेकांच्या लेकराबाळांची शपथ घेत मजेत भांडतात. शेवटी सौदा झाला की गिऱ्हाईक ‘यापा’ मागतं, म्हणजे वरकडीचं काहीतरी, आणि बाबा कुरकुरत लोकरीचा एखादा गुंडा त्याच्या हातावर ठेवतात.

हे सगळं बघत मी लहानाची मोठी झाले. तरीही मी बाबांना कागद लिहिला आणि त्यात खरे आकडे लिहिले. चूक माझीच, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला आजही ते पटत नाही.

मी कुस्कोला सरकारी विद्यापीठात दातांची डॉक्टर व्हायला शिकते. चौथं वर्ष. पहिली तीन वर्षं पैशांची रीत अशी होती की खिसा रिकामा झाला की मी घरी फोन करायचा. फोन आई उचलायची आणि पैशाचं नाव निघालं की बाबांकडे द्यायची.

“परवाच तर पाठवले,” बाबा म्हणायचे.

“परवा नाही बाबा. महिना होत आला.”

“आता कशाला हवेत?”

“हातमोज्यांना.”

“हातमोजे? अगं, घरात लोकरीचे ढीग पडलेत. पाठवतो चार जोड.”

रबरी हातमोजे एकदा वापरून फेकून द्यायचे असतात, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. फेकून द्यायच्या वस्तूला पैसे मागणारी मुलगी त्यांना थापाडीच वाटायची. मग गुरुवारी सिकुआनीच्या व्हॅनचा ड्रायव्हर माझं पोतं आणून टाकायचा. पोत्यात बटाटे, गोठवून वाळवलेल्या काळ्या बटाट्यांचा चुन्यो, घरचं चीज आणि भाजलेला मका. त्या मक्याच्या पिशवीत तळाशी कुठेतरी कागदात गुंडाळलेली नोट. शंभर मागितले असले तर पन्नासची. ती शोधायला मला अख्खा मका ताटात ओतावा लागायचा. उद्या लोकांच्या तोंडात सुई घालणार असलेली मुलगी कोंबडीसारखी मक्यात बोटं फिरवते आहे, हे खोलीच्या दारातून कुणी पाहू नये म्हणून मी आधी कडी लावायची.

चौथ्या वर्षी हे चालेना, कारण चौथ्या वर्षी दवाखाना सुरू झाला. आमच्याकडे रोगी विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा असतो. रोगी नाही तर काम नाही, काम नाही तर मार्क नाहीत. आणि शिकाऊ मुलीच्या हातात आपलं तोंड कोण देणार? ज्याच्याकडे खऱ्या डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत तोच. म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर त्याच्या उपचाराची पावती आपणच फाडायची, वर त्याला जायचंयायचं भाडं द्यायचं आणि तो येईपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं. सगळे विद्यार्थी हेच करतात. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटतही नाही.

माझे रोगी डॉन इलारियोन; ‘डॉन’ हा आमच्याकडे वयाचा मान. जन्मभर बाजारात पोती वाहिलेला म्हातारा, तोंडात वर एक दात नाही, खाली एक दात नाही. त्यांना पूर्ण कवळी बसवायची हे माझं त्या सहामाहीचं मुख्य काम होतं. आधी ठसा, मग पक्का ठसा, मग मेणावर चावा घेऊन बघणं, मग दात लावून बघणं, मग शेवटची बसवणी. मधली एक खेप चुकली की पुढचं सगळं अडतं. सहामाही संपेपर्यंत कवळी त्यांच्या तोंडात बसली नाही तर मी नापास, आणि अख्खं वर्ष पुन्हा. पुन्हा वर्ष करायला बाबा पाठवणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून मी बसले आणि कागद लिहिला. फोनवर बाबा बोलू देत नाहीत, कागदाला मध्ये तोडता येत नाही, असा माझा हिशेब. दोन वेळा कच्चा लिहिला, तिसऱ्यांदा पक्का. रिकामं पोतं आणि चीजचा डबा दर आठवड्याला आईकडे परत जायचाच, त्या डब्यात तो घडी करून ठेवला.

‘आदरणीय आई-बाबांस,’ अशी सुरुवात होती. ‘दर वेळी फोन करून तुम्हाला त्रास देण्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच ठरलेली रक्कम मिळावी, अशी विनंती आहे. तिच्यात मी महिना काढीन, मध्ये मागणार नाही. खर्च पुढीलप्रमाणे.’ आणि खाली एकेक बाब. खोलीचं भाडं, पाणी-वीज धरून, दोनशे पन्नास. तुमच्या पोत्याशिवाय लागणारं जेवण एकशे साठ. बस बावीस, विद्यार्थी सवलतीने. झेरॉक्स तीस. फोन तीस. हातमोजे, ठशाची पावडर, प्लास्टर वगैरे एकशे ऐंशी. रोग्यांसाठी शंभर, त्यापैकी पावत्यांचे साठ आणि भाड्याचे चाळीस, दर खेपेला दहा. साबण आणि बायकांचं सामान पंचवीस. एकूण सातशे सत्त्याण्णव सोल. आठशे लिहिणं सोपं होतं. पण ते वरचे तीन सोल मला लागत नव्हते, म्हणून लिहिले नाहीत. इतकी मी सरळ.

पुढच्या गुरुवारी पोतं आलं. मक्यात नोटा नव्हत्या, वरच ठेवल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर माझाच कागद. बाबा ब्लँकेटांवर खुणा करायला जी लाल पेन्सिल वापरतात, तिने त्यांनी माझी एकेक बाब खोडली होती. भाडं दोनशे. जेवण शंभर. बस पंधरा, आणि बाजूला ‘तरुण पाय आहेत’. झेरॉक्स पंधरा. फोन वीस. सामान एकशे वीस. साबण दहा. आणि रोग्यांच्या शंभरावर एक जाड आडवी रेघ, तिच्या शेजारी मोठ्या अक्षरात: ‘रोगी डॉक्टरला पैसे देतो. डॉक्टर रोग्याला नाही. तुला कोणीतरी फसवतंय.’ खाली बेरीज चारशे ऐंशी, आणि तिच्याखाली, मोठं मन दाखवल्यासारखं, ‘जा, पाचशे.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन ते साबणाचे पंचवीस लिहिले होते, आणि त्यांनी पेन्सिल उचलून त्याचे दहा केले. मी काय त्यांच्या फळीवरचं ब्लँकेट आहे? घरमालकीण दोनशेत खोली देणार आहे का, का त्या पन्नास सोलसाठी मी तिच्या दारात नाचायचं? त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. उत्तरही लिहिलं नाही. उत्तर द्यायची माझ्यात ताकद नव्हती असं नाही, पण ज्याने माझं बोलणं खोटं धरलं त्याला तेच पुन्हा काय सांगायचं, असं वाटलं. मी गप्प बसले आणि पाचशेत महिना काढायला निघाले.

भाडं तर द्यावंच लागलं. सामानाशिवाय दवाखान्यात पाय ठेवू देत नाहीत, तेही आणलं. उरले त्यात आईच्या पोत्यातलं उकडून खाल्लं, चालत गेले, चालत आले. आणि डॉन इलारियोन यांना भाड्याचे पैसे दिले नाहीत. मेणाच्या खेपेला म्हटलं, पुढच्या वेळी देईन. ते हसले, हिरड्या दाखवत म्हणाले, “काही हरकत नाही, डॉक्टरीणबाई.” पुढच्या खेपेला आले नाहीत. तास उलटला, माझी खुर्ची रिकामी, आणि आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्यांवर माणसं तोंड उघडून बसलेली. आमच्या बाईंनी वहीवरून मान न उचलता माझं आडनाव घेऊन विचारलं, “काह्वाना, तुमचा रोगी?”

“येतील, बाई.”

“तीन आठवडे राहिलेत. कवळी नाही तर मी सही करत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण मी सगळ्यांना तेच सांगते.”

शनिवारी मी पैसे उधार घेतले, रविवारी पहाटेची व्हॅन पकडली आणि सकाळी, ऐन बाजारात, बाबांच्या फळीपुढे जाऊन उभी राहिले.

बाबा एका बाईशी घासाघीस करत होते. वरच्या पठारावरची, लोकरीच्या अल्पाकांचा कळप राखणारी बाई, पाठीवर गाठोडं. “कासेरा, एकशे वीस,” बाबा म्हणत होते. कासेरा म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, आमच्याकडे विकणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना हेच म्हणतात. “हात लावून बघ. बाळंतपणात घेशील तर नातवंडापर्यंत टिकेल.”

“साठ,” ती म्हणाली. “माझी बाळंतपणं संपली.”

“साठ? साठात मी तुला याची किनार देतो.”

मी मध्येच बोलले. “बाबा.”

त्यांनी पाहिलं. चेहरा उजळला, आणि तो उजळला म्हणून मला आणखीच राग आला. “अरे, आली,” ते त्या बाईला म्हणाले. “ही माझी डॉक्टरीण. कागदावर भाव लिहून पाठवते.”

“बाबा, ते भाव नव्हते. तो खर्च होता.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. तुम्ही एकशे वीस सांगता, कारण तुम्हाला एकशे वीस नकोच असतात. मला सातशे सत्त्याण्णव हवेत, कारण सातशे सत्त्याण्णवच लागतात. मी वरचे तीनसुद्धा धरले नाहीत.”

बाबांनी त्या बाईकडे बघून भुवया उडवल्या. मला वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, “पोरी, जरा चढवून तर सांगायचंस.”

मागे माझा भाऊ विल्बेर घड्या रचत होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आरेकिपाला जमीन-मोजणी शिकून आलेला आणि आता नगरपालिकेत चिकटलेला. तो हसायला लागला. हसताना त्याला घडी सोडून फळी धरावी लागली.

“अगं बावळट,” तो म्हणाला. “मी काय लिहायचो ठाऊक आहे? सतराशे. त्यात ‘नकाशांसाठी पेट्रोल’ असंही होतं. बाबांनी नऊशे केले. माझं भागायचं सातशेत. उरलेल्यात मी गिटार घेतली.”

“तुला नऊशे मिळायचे?”

“बाबा खूश, मी खूश.”

मी बाबांकडे वळले. “म्हणजे याने पेट्रोल लिहिलं, ते तुम्ही मानलंत. याच्याकडे गाडी नव्हती, बाबा. आणि माझा साबण खोडलात.”

“मानलं कुठे? निम्मं केलं ना,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडते आहे. “तुझंही तेच होतं. मी पाचशे म्हटलं. तू सातशे म्हणायचंस. मी साडेपाचशे म्हटलं असतं. दोन पत्रांत जुळलं असतं. तू गप्पच बसलीस. मी दर सोमवारी डबा उघडतो, चीजचं पाणी आणि रिकामा डबा. मला वाटलं, पाचशेत भागलं.”

“माझा रोगी येईनासा झालाय. मी नापास होणार आहे.”

हे ऐकून आई दुकानाच्या मागून आली. हातात पीठ होतं. “नापास?” ती म्हणाली.

“रोगी पैसे घेतो, ही गोष्टच मला पटत नाही,” बाबा म्हणाले. “जगात कुठे असं असतं? हे बघ, मी इथे ब्लँकेट विकतो, तर मी गिऱ्हाइकाला भाडं देऊन बोलावतो का?”

“तुमच्या ब्लँकेटची परीक्षा नसते,” मी म्हटलं.

“सहाशे,” बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते फळीवर बोट टेकवून उभे होते, जसे त्या पठारावरच्या बाईपुढे उभे राहतात तसे, मान किंचित तिरकी. माझ्या वर्षाचा सौदा चालला होता. मी पोतं घेतलं नाही. आईने गुरुवारसाठी भरून ठेवलं होतं, फळीशेजारी बांधून. मी वळले आणि चालू लागले.

“अगं, पोतं,” आई म्हणाली.

मी थांबले नाही. आणि मग मागून बाबांचा आवाज आला, बाजारभर ऐकू जाईल असा, निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा खास आवाज. “ये, ये, कासेरा. परत ये. साडेसहाशे.”

सगळी रांग हसली. टोप्या विकणाऱ्या बायका, मीठ विकणारे, सगळे. मी व्हॅनमध्ये बसले आणि कुस्को येईपर्यंत दात आवळून बसले होते. असं करणाऱ्या रोग्याला मी दाढांची झीज समजावून सांगते.

मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा बसले होते. रविवारचा कोट, टोपी गुडघ्यावर आणि पायाशी माझं पोतं. शेजारच्या बाकावर मुलं-मुली पांढऱ्या कोटात रोग्यांना हाताला धरून नेत होती. बाबा त्यांच्याकडे बघत होते.

“तुझी आई माझ्याशी बोलत नाही,” ते म्हणाले. “पोतं तुला पोचवलं तर बोलेल म्हणते. मीच घेऊन आलो. ड्रायव्हर पोत्याचे तीन मागत होता, त्याला दोन दिले.”

मी त्यांना घेऊन खिडकीकडे गेले, कारण त्या दिवशीची पावती फाडायची होती आणि डॉन इलारियोन यांना मी आदल्या दिवशी त्यांच्या चाळीत जाऊन, पाया पडायचंच बाकी ठेवून, यायला लावलं होतं. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, “वीस सोल.”

“पंधरा,” बाबा म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरच्या फळ्याकडे बोट केलं. तिथे एकेका उपचाराचा दर लिहिलेला होता, काचेच्या आड.

“तो मी वाचला,” बाबा म्हणाले. “सतरा. माझीच मुलगी आहे, इथलीच आहे.”

“बाबा,” मी म्हटलं.

“साहेब, इथे भाव होत नाही. मागे रांग आहे.”

बाबांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात वीसची नोट होती आणि एकही माणूस काही बोलत नव्हता. बाबांच्या तोंडावर जे आलं ते मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना त्या सगळ्यांची कीव आली होती. त्यांनी वीस दिले. मग सामानाच्या दुकानात ठशाच्या पावडरीचं पाकीट घेताना विचारलं, “दोन घेतली तर?” दुकानदार म्हणाला, “दोन घेतली तर दोनाचे पैसे.” बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

डॉन इलारियोन आले ते हळूहळू जिना चढत. मी त्यांना बाबांची ओळख करून दिली. म्हाताऱ्याने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोट पाहिला, पोतं पाहिलं.

“बापाच्या हाती व्यवहार आला तर बरंच झालं,” ते म्हणाले. “भाडं पंधरा सोल, साहेब. मी फार वर राहतो.”

मी बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी हाताने मला गप्प केलं. त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला होता.

“पंधरात मी सिकुआनीहून येतो,” ते म्हणाले. “सहा.”

“सहा? माझे गुडघे बघा. तेरा.”

“गुडघ्यांचं ते बघणार नाहीत इथे, दाताचं बघतात. आठ.”

“मागच्या खेपेचे राहिलेत. बारा. म्हातारपणाची लाज ठेवा.”

“तुमच्या म्हातारपणाची लाज म्हणून नऊ.”

दोघं जिन्याच्या तोंडाशी उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून, आणि दोघांचे चेहरे फुललेले. म्हातारा तर दहा वर्षांनी तरुण दिसत होता. मी बाह्या सरसावून भांडायला तयार होते, एका दात नसलेल्या गरीब माणसाशी माझा बाप नऊ सोलसाठी हुज्जत घालतो म्हणून, पण तो गरीब माणूस मला ऐकूनच घेईना. शेवटी त्यांनी एकमेकांचा हात धरला.

“दहा,” डॉन इलारियोन म्हणाले. “आणि यापा.”

“दहा,” बाबा म्हणाले. त्यांनी पोतं सोडलं आणि आईच्या चीजचा निम्मा गोळा कापून त्यांच्या हातावर ठेवला. मऊ असतं ते, हिरड्यांनी चावता येतं. मागच्या खेपेचे दहाही दिले.

म्हातारे आत जाऊन खुर्चीवर बसले. बाबा तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझा कागद काढला, लाल रेघांचा, घड्यांवर फाटत आलेला. त्यांचं बोट रोग्यांच्या ओळीवर गेलं.

“इथे दहा लिहिलंय,” ते म्हणाले. “दर खेपेला दहा.”

“हो.”

“त्याने आधी तुला किती सांगितले होते?”

“पंधरा.”

“मग तू दहा केलेस?”

“मग काय पंधरा देऊ?”

“आणि खोली?”

“ती तीनशे म्हणाली होती. तिच्या नातवाच्या दाताचं बघते म्हणून अडीचशे.”

बाबांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, आता म्हणतील की माझी चूक झाली. ते रागावले.

“म्हणजे भांडण सगळं तू तिथेच उरकून घेतलंस,” ते म्हणाले. “घरमालकिणीशी बोललीस, याच्याशी बोललीस. माझ्यासाठी काही ठेवलंच नाहीस. मला नुसतं लेबल चिकटवून पाठवलंस, त्या खिडकीतल्या मुलीसारखं. मी काय परका आहे का रांगेतला? विल्बेर खोटं लिहायचा, पण महिनाभर त्याची चार पत्रं यायची. तू तीन वर्षं फोन करतेस ते पैसे संपले म्हणून.”

“तुम्ही निम्मे पाठवायचात म्हणून पुन्हा करावा लागायचा.”

“म्हणूनच निम्मे पाठवायचो.”

माझा राग तसाच होता, अजूनही आहे, कारण त्या त्यांच्या निम्म्यांपायी मी तीन वर्षं मक्यात हात घातलाय. पण तो राग क्षणभर कुठे ठेवायचा ते मला कळेना.

बाबा बाकावर बसले आणि पैसे मोजायला लागले. नोटा बाकावर, नाणी टोपीत. सातशे सत्त्याण्णव. मोजून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बासष्ट,” ते म्हणाले.

“काय बासष्ट?”

“ब्लँकेट. जुलियाकाहून बासष्टला उचलतो. विकलं जातं पंच्याऐंशीला. हे तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेलं नाही. तू खरी किंमत सांगितलीस, तर मीही सांगितली. झालं?”

दंतवैद्याला मनातल्या मनात भागाकार यावा लागतो, औषधाचं माप चुकून चालत नाही. तेवीसने सातशे सत्त्याण्णवला भागायला मला वेळ लागला नाही. पस्तीस ब्लँकेटं, जवळजवळ.

“आता पावसाळ्यात महिन्याला किती जातात?” मी विचारलं.

“चाळीस. चांगला महिना असला तर.” मग घाईने म्हणाले, “जूनमध्ये आपली थंडी पडली की मोजत नाही मी.”

आतून बाईंनी माझं नाव पुकारलं. डॉन इलारियोन तोंड उघडून बसले असणार. मी नोटा उचलल्या. उचलताना मला ती फळी दिसली, ती पठारावरची बाई, एकशे वीस, साठ, लेकराबाळांची शपथ, आणि एवढं सगळं करून तेवीस. मी गड्डीतली दहाची नोट वेगळी काढली आणि बाबांच्या टोपीत परत टाकली. फोनचं मी विसात भागवलं असतं.

बाबांनी ती नोट पाहिली. त्यांचा चेहरा पडला, आणि मग कडक झाला.

“कमी केलेस,” ते म्हणाले.

“असू दे, बाबा.”

“म्हणजे आधी सांगितलीस ती किंमत खरी नव्हती.”

ते थट्टा करत नव्हते. माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी किंमत खरी मानली होती, आणि ती मोडू नको म्हणून तो माणूस माझ्याकडे डोळे लावून बसला होता.

मी टोपीतून दहाची नोट परत घेतली आणि आत गेले.